K दाबला की 2 का उमटतो?

समजा, तुमचा पासवर्ड miraj2019 आहे. रोजचाच असल्यामुळे बोटं न बघता तो टाइप करतात. आज मात्र लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चुकलाय. पुन्हा टाकता, सावकाश, एकेक की पाहून. तरीही चूक. पडद्यावर नऊ ठिपके दिसताहेत, पासवर्डही नऊच अक्षरांचा आहे, म्हणजे एखादी की सुटली असंही नाही. आता पासवर्डच्या रकान्याच्या टोकाला असलेल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा. ठिपक्यांच्या जागी कदाचित हे दिसेल: 05ra12*19.

हे नीट पाहिलं की बिघाडाचं स्वरूप कळतं. r आणि a जसेच्या तसे आहेत. m चा 0 झालाय, i चा 5, j चा 1. वरच्या ओळीतले 2, 1, 9 शाबूत आहेत, पण 0 ची चांदणी झाली आहे. कीबोर्ड बिघडला असता तर इतक्या शिस्तीत बिघडला नसता. फक्त उजव्या हाताखालच्या ठरावीक कीज बदलल्या आहेत आणि प्रत्येक की ठरलेलाच अंक देते आहे. J, K, L वर 1, 2, 3. त्यांच्या वरच्या ओळीत U, I, O वर 4, 5, 6. त्याच्याही वर 7, 8, 9 आधीपासूनच आहेत, ते तसेच राहतात. M वर शून्य. कडेच्या 0, P, अर्धविराम आणि तिरपी रेघ या कीजवर गुणिले, वजा, अधिक, भागिले यांपैकी काहीतरी येतं. या चिन्हांचा क्रम कंपनीनुसार बदलतो, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर चांदणीऐवजी तिरपी रेघही दिसू शकेल.

म्हणजे मोठ्या कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो चौकोन असतो, तोच इथे अक्षरांच्या पोटात बसवलेला आहे. त्याला एम्बेडेड कीपॅड म्हणतात. जागा हुशारीने निवडली आहे. 7, 8, 9 हे आकडे वरच्या ओळीत शेजारीशेजारी असतातच, त्यांच्या खाली 4-5-6 आणि 1-2-3 टांगले की चौकोन पूर्ण होतो. फक्त अक्षरांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असल्याने तो जरा तिरका पडतो.

एका कीवर दोन कामं लादण्याची ही सवय लॅपटॉपच्या आधीची आहे. 1981 मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी आणला, त्याच्या कीबोर्डवर 83 कीज होत्या. आकड्यांचा चौकोन होता, पण बाणांच्या कीज वेगळ्या नव्हत्या. 8 म्हणजेच वरचा बाण, 2 म्हणजेच खालचा. कुठल्या वेळी आकडा आणि कुठल्या वेळी बाण, हे ठरवायला नम लॉक नावाची की होती. पुढे 101 कीजचा मोठा कीबोर्ड आला, बाणांना त्यांची स्वतंत्र जागा मिळाली, आणि खरं तर नम लॉकचं काम तिथेच संपायला हवं होतं. पण ती की राहिली. लॅपटॉप आले तेव्हा उजवीकडच्या चौकोनाला जागाच उरली नाही, आणि बनवणाऱ्यांनी या जुन्या कीला नवं काम दिलं: आकडे आणि बाण यांच्याऐवजी आकडे आणि अक्षरं यांत अदलाबदल करायची.

ही अदलाबदल नेमकी कुठे होते, हे कळलं की उपाय कुठे शोधायचा आणि कुठे नाही, हेही कळतं. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. कुठली की दाबली गेली, त्याची फक्त एक खूण पाठवतो. पीसीच्या जुन्या आणि आजही चालणाऱ्या पद्धतीत J ची खूण 24 आहे आणि कीपॅडवरच्या 1 ची 4F. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटी चिप कीजवर सतत नजर ठेवून असते आणि या खुणा पुढे पाठवते. नम लॉक चालू झाला की विंडोज कीबोर्डला सांगते, नम लॉकचा दिवा लाव. एम्बेडेड कीपॅड असलेल्या लॅपटॉपमधली चिप त्या निरोपाचा आणखी एक अर्थ घेते: आजपासून J दाबला तरी 24 नाही, 4F पाठवायचं. म्हणजे J ही की दाबली गेली, हे विंडोजपर्यंत पोचतच नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही खरोखरच 1 दाबलेला असतो.

म्हणून अशा वेळी भाषेची सेटिंग बदलणं, कीबोर्डचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, व्हायरससाठी झडती घेणं, यातून काही निघत नाही. विंडोज नव्याने टाकण्याचा सल्लाही दुकानात मिळतो. तो मिळाला तर आधी नम लॉक पाहायला सांगा.

आता हा नम लॉक चालू कोणी केला? लॅपटॉपवर चुकून एखादं बटण दाबलं गेलं, हे एक कारण. पण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण वेगळं आहे, आणि ते एका हिशेबनीसाच्या दिवसातून चांगलं समजतं. हा गृहस्थ तालुक्याच्या गावी तीन-चार दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहितो. लॅपटॉप लहान, चौदा इंची. दिवसभर बिलांचे आकडे टाकायचे म्हणून त्याने यूएसबीचा मोठा कीबोर्ड जोडलेला असतो. सकाळी आल्यावर मोठ्या कीबोर्डवर नम लॉक लावायचा आणि उजव्या हाताने आकडे झोडपत सुटायचं. संध्याकाळी वायर काढायची, लॅपटॉपचं झाकण मिटायचं आणि घरी जायचं.

विंडोज नम लॉकची अवस्था एकच धरते आणि जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांना कळवते. बाहेरच्या कीबोर्डवर दिवा लागला की लॅपटॉपच्या आतल्या चिपलाही तोच निरोप जातो. त्यामुळे सकाळपासून लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आकडेच देत असतो. पण दिवसभर त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून पत्ता लागत नाही. झाकण मिटल्यावर संगणक झोपतो, बंद होत नाही, आणि नम लॉक तसाच राहतो. रात्री घरी झाकण उघडलं की पासवर्ड चुकतो. ‘मुलाने काहीतरी केलंय’ असा निष्कर्ष निघतो आणि पोराला विनाकारण बोलणी बसतात. काही लॅपटॉपमध्ये बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असताना आतला कीपॅड चालू होऊ नये अशी सोय असते, पण ती सगळ्यांत नाही.

त्याचा फोन आला तेव्हा मी आधी एकच विचारलं, ‘दादा, J च्या कीवर कोपऱ्यात किंवा पुढच्या कडेला बारीक 1 छापलाय का?’ हा प्रश्न सगळ्या तपासाच्या आधी विचारावा. आकडा छापलेला असेल तर एम्बेडेड कीपॅड आहे आणि दुखणं नम लॉकचं असण्याची शक्यता फार मोठी. हे आकडे बहुधा अक्षरापेक्षा वेगळ्या रंगात असतात आणि जुन्या लॅपटॉपवर घासून पुसट झालेले असतात, म्हणून उजेडात धरून पाहावं. त्याच्या लॅपटॉपवर निळा 1 होता.

घाई असेल तर पासवर्डपुरता एक सोपा मार्ग आहे. अशा बऱ्याच लॅपटॉपवर Fn ही की दाबून धरली, की तेवढ्यापुरती अदलाबदल उलटी होते. म्हणजे miraj टाइप करताना m, i आणि j दाबतेवेळी Fn धरायची, r आणि a च्या वेळी सोडायची, आणि पुढच्या 0 ला पुन्हा धरायची. डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवलंत तर काय उमटतंय ते दिसत राहतं. एक सावधगिरी: कॅपिटल अक्षरासाठी शिफ्ट धरून या कीज दाबल्या तर अक्षर येत नाहीच, वर कर्सर पळतो, कारण नम लॉक चालू असताना शिफ्टबरोबर कीपॅड बाणांचं काम करतं. लिहिताना शिफ्ट आणि K दाबल्यावर कर्सर खालच्या ओळीत गेला, तर तीही याच दुखण्याची खूण समजावी.

मग नम लॉक बंद करायचा. कीबोर्डवर NumLk, Num Lk किंवा नुसतं Num असं लिहिलेलं शोधायचं. हे नाव बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या कीवर पाहुणं म्हणून राहतं: कुठे Insert वर, कुठे Scroll Lock वर, कुठे F8 वर, कुठे F11 वर. नाव Fn च्या रंगात छापलेलं असेल तर Fn धरून ती की दाबायची. हिशेबनिसाच्या लॅपटॉपवर ते F11 वर होतं. Fn आणि F11 दाबल्यावर पासवर्ड पहिल्या फटक्यात लागला.

नाव कुठेच सापडत नसेल तर पडद्यावरच्या कीबोर्डची मदत घ्यावी. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात सुलभतेच्या सोयींचं चिन्ह असतं, त्यात On-Screen Keyboard हा पर्याय मिळतो. लॉगिन झालेलं असेल तर Windows, Ctrl आणि O या तीन कीज एकत्र दाबूनही तो उघडतो. त्यातल्या Options मध्ये Turn on numeric keypad वर खूण केली की आकड्यांचा चौकोन दिसतो आणि त्यातच NumLock ची की येते. ती उजळलेली असेल तर नम लॉक चालू आहे; माऊसने दाबली की बंद. आणि दिवसा वापरलेला मोठा कीबोर्ड हाताशी असेल तर त्याहून सोपं: तो पुन्हा जोडून नम लॉक एकदा दाबायचा, आणि मगच वायर काढायची.

मराठीत टाइप करणाऱ्यांना हे दुखणं जास्त लागतं, आणि त्याचं कारण आपल्या मांडणीतच आहे. सरकारी कामासाठी शिकवल्या जाणाऱ्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत स्वर बहुतेक डाव्या हाताखाली आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताखाली ठेवलेली आहेत. ह, ग, द, ज, र, क, त, च, स ही सगळी नेमकी U पासून M पर्यंतच्या त्याच चौकोनात बसतात. इंग्रजी लिहिणाऱ्याची निदान ए, ई, एस, टी ही अक्षरं तरी वाचतात. इन्स्क्रिप्टवर नम लॉक चालू राहिला तर ‘नगर’ लिहायला गेल्यावर ‘न51’ उमटतं आणि ‘कागद’चं ‘2ा56’ होतं. काना बिचारा लोंबकळत राहतो. मराठी टंकलेखनाच्या तक्रारीत ‘फॉन्ट बिघडलाय’ हे वाक्य हमखास येतं. फॉन्ट बिघडला तर अक्षरं चौकोनी किंवा वेडीवाकडी दिसतात, र च्या जागी दर वेळी अचूक 1 येत नाही. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचंही तेच. nagar लिहिताना काहीच बिघडत नाही, कारण त्यात चौकोनातलं एकही अक्षर नाही. kagad लिहिताना मात्र पहिलंच अक्षर 2.

इथे फंक्शन लॉकची गोष्ट येते, कारण लोक नम लॉक आणि फंक्शन लॉक एकच समजतात. फंक्शन लॉकचा संबंध फक्त सगळ्यात वरच्या F1 ते F12 या ओळीशी असतो. या कीजना दोन कामं आहेत: एक जुनं, म्हणजे खरोखरचं F1, F2, दुसरं लॅपटॉपवाल्यांनी चिकटवलेलं, म्हणजे आवाज, पडद्याचा उजेड, वायफाय वगैरे. Fn न धरता नुसती की दाबली तर यांपैकी कुठलं काम व्हावं, एवढंच फंक्शन लॉक ठरवतो. K चा 2 करणं त्याच्या अधिकारात नाही.

आपल्या हिशेबनिसाला हा फरक रोज भोवतो. टॅलीत F5 म्हणजे पेमेंट, F6 म्हणजे रिसिट, F8 म्हणजे विक्री, F9 म्हणजे खरेदी. नव्या लॅपटॉपवर F8 दाबला आणि विक्रीचं व्हाउचर उघडण्याऐवजी पडदा उजळला किंवा आवाज बंद झाला, तर फंक्शन लॉक त्याच्या गरजेच्या उलट बाजूला आहे. बऱ्याच लॅपटॉपवर Esc च्या कीवर कुलपाचं छोटं चित्र किंवा FnLk असं लिहिलेलं असतं. Fn आणि Esc एकत्र दाबलं की बाजू बदलते. Esc वर असं काही नसेल तर ही निवड बहुधा बायोसमध्ये ठेवलेली असते. एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये सुरू होताना F10 दाबून बायोसमध्ये गेलं की Action Keys Mode नावाने ती सापडते.

तरीही हे दोन लॉक एका ठिकाणी एकमेकांत अडकतात. वरच्या ओळीत विशेष कामांना पहिला मान दिलेला असेल आणि NumLk त्याच ओळीतल्या एखाद्या कीवर असेल, तर नम लॉक लागायला Fn ची गरजच उरत नाही. F11 वर NumLk आहे असं धरू. ब्राउझर पूर्ण पडदाभर करायला तुम्ही सवयीने F11 दाबता. पडदा मोठा होत नाही, पण नम लॉक चालू होतो, आणि पुढच्या शब्दात अंक यायला लागतात. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ अशा तक्रारीमागे कधीकधी हे असतं, आणि माणूस खोटं बोलत नसतो. उपायही दोन टप्प्यांत करावा लागतो. नम लॉक बंद करायचा, आणि मग फंक्शन लॉकची बाजू बदलायची, म्हणजे नुसता F11 पुन्हा F11 च राहील.

काहींना एकदा बंद केलेला नम लॉक दर सकाळी पुन्हा चालू झालेला सापडतो. याला दोन जागा जबाबदार असू शकतात. बायोसमध्ये संगणक सुरू होताना नम लॉक चालू ठेवावा का, अशी एक निवड अनेकदा असते. ती Off करावी. दुसरी जागा विंडोजची. लॉगिनच्या पडद्यावर नम लॉक कसा असावा हे ती वेगळं लक्षात ठेवते, तुमच्या खात्यातलं तिथे लागू होत नाही. म्हणून लॉगिनच्या पडद्यावरच नम लॉक बंद करून, तिथल्याच पॉवरच्या चिन्हातून Restart केलं, तर पुष्कळदा नवी अवस्था टिकते. तेवढ्याने भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ही ओळ द्यावी:

```
reg add "HKU\.DEFAULT\Control Panel\Keyboard" /v InitialKeyboardIndicators /t REG_SZ /d 0 /f
```

शेवटी 0 दिल्याने लॉगिनच्या वेळी नम लॉक बंद राहतो. 2 दिला असता तर चालू राहिला असता. रजिस्ट्रीत हात घालण्याची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावं. विंडोजचं Fast Startup चालू असेल तर ती आधीची अवस्थाच परत आणू शकते, त्यामुळे बदल केल्यावर Shut down नव्हे, Restart करून पाहावं.

J वर 1 छापलेलाच नसेल तर मात्र वरचं सगळं गैरलागू. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कीपॅड ठेवतच नाहीत. पंधरा इंचांच्या पुढे स्वतंत्र आकड्यांचा चौकोन बसतो, आणि तिथे नम लॉकचं दुखणं उलटं असतं: तो बंद असला की आकडे येत नाहीत, कर्सर इकडेतिकडे उड्या मारतो. अशा लॅपटॉपवर अक्षराऐवजी अंक आलाच तर संशय कीजच्या खाली घ्यावा. चहा सांडलेला किंवा ओल गेलेली असेल तर दोन कीजच्या वाटा आत एकमेकींना चिकटतात आणि एक दाबली की दोन उमटतात. त्याची ओळख सोपी आहे. नम लॉकमध्ये अक्षराच्या जागी अंक येतो. ओलीमध्ये अक्षराबरोबर दुसरंही काहीतरी येतं, आणि ते कधी येतं कधी येत नाही. Fn स्वतः अडकून बसली असेल तरीही, छापील अंक असलेल्या काही लॅपटॉपवर, अक्षरांचे अंक होऊ शकतात. तेव्हा नम लॉक कितीही वेळा बदलला तरी काहीतरी उलटंच होत राहतं, आणि फंक्शन लॉक कुठल्याही बाजूला असला तरी वरच्या ओळीच्या कीज वेगळंच करतात. अशा वेळी Fn दोनचार वेळा जोरात दाबून सोडावी, तिच्या कडेची धूळ ब्रशने काढावी. तेवढ्याने ती मोकळी झाली नाही, तर कीबोर्ड बदलेपर्यंत यूएसबीचा कीबोर्ड जोडून काम चालवता येतं.